पावसात हेल्मेटच्या व्हायझरवर धुकं धरतंय?
ताम्हिणी घाटात पावसात व्हायझर आतून पांढरा होतो, कारण आपला गरम श्वास गार प्लास्टिकवर बसतो. घरी व्हायझर काढून आतल्या बाजूला बेबी शॅम्पूचा एक थेंब पाण्यात मिसळून बोटाने पातळ पसरवा, वाळू द्या आणि मऊ मायक्रोफायबरने हलकेच चमकवा, धुऊ मात्र नका, तो थरच धुकं धरू देत नाही, पण एक-दोन दिवसच टिकतो. आतून पिनलॉक ही धुकं रोखणारी जादा काच किंवा कंपनीचं अँटीफॉग कोटिंग असेल तर हे करूच नका.

बाहेरचा चिखल ग्लोव्हजने पुसायचा नाही, बारीक वाळूने चरे पडतात आणि रात्री समोरचे हेडलाइट त्यात फुटून दिसतात. ओला कपडा पाच मिनिटं ठेवा, चिखल सुटला की पाणी ओता.