क्रिप्टो एक्स्चेंजची केवायसी: कागदपत्रे का मागतात आणि ‘पैसे कुठून आले’ याचे उत्तर कसे द्यावे

पॅन, आधार, सेल्फी आणि स्वतःच्या नावाचे बँक खाते या चार गोष्टींनी खाते उघडते. या भागावर वेळ घालवण्याची गरज नाही. पॅन, आधार आणि बँक या तिन्हीकडे नाव एकाच पद्धतीने लिहिलेले आहे ना, एवढे आधी पाहा. लग्नानंतर बदललेले आडनाव किंवा एका ठिकाणी राहिलेले वडिलांचे नाव, बहुतेक अर्ज इथेच अडतात. आधारची प्रत द्यावी लागली तर पहिले आठ अंक झाकलेली द्या.

खाते उघडण्याआधी ते एक्स्चेंज भारताच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे ‘एफआययू-इंड’कडे नोंदलेले आहे का ते तपासा. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने क्रिप्टोचा व्यवहार करून देणाऱ्या कंपन्यांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, २००२ (पीएमएलए) लागू केला. तेव्हापासून ग्राहकाची ओळख पटवणे, व्यवहारांच्या नोंदी ठेवणे आणि संशयास्पद व्यवहार कळवणे ही त्यांची कायदेशीर जबाबदारी आहे. नोंदणीशिवाय भारतात सेवा देणाऱ्या नऊ परदेशी एक्स्चेंजना डिसेंबर २०२३ मध्ये नोटिसा गेल्या. त्यांपैकी पुढे नोंदणी करून परतलेल्या बायनान्सला जून २०२४ मध्ये १८ कोटी ८२ लाख रुपये दंड झाला. ‘अमुक ॲप केवायसी मागत नाही, तिथे जा’ असा सल्ला कोणी दिला, तर त्याने तुम्हाला कायद्याबाहेरची जागा दाखवली आहे एवढे समजा.

कागद का लागतात याचे कारण ब्लॉकचेनमध्येच, म्हणजे क्रिप्टोच्या सार्वजनिक नोंदवहीतच आहे. तिथला प्रत्येक व्यवहार कोणालाही दिसतो, पण वॉलेटच्या पत्त्यावर माणसाचे नाव नसते. नाव आणि हा पत्ता जोडले जातात ते एक्स्चेंजवर, कारण रुपये तिथेच आत येतात आणि तिथूनच बाहेर पडतात. फसवणुकीचा पैसा आधी कोणाच्या तरी बँक खात्यात उतरतो, तिथून क्रिप्टोत जातो, मग झपाट्याने या वॉलेटमधून त्या वॉलेटमध्ये फिरतो आणि शेवटी दुसरीकडे कोणीतरी तो रोख करतो. मधल्या फिरण्यात माग काढणे अवघड, म्हणून तपास दोन्ही टोकांवर होतो. तुमचे पॅन कार्ड अशा एका टोकावर उभे असते.

आता खरी अवघड पायरी. केवायसी खाते उघडताना एकदा होऊन संपत नाही. एके दिवशी पैसे काढण्याची विनंती थांबते आणि ईमेल येतो: या रकमेचा स्रोत काय? व्यवहाराचा उद्देश काय? समोरचे वॉलेट कोणाचे? मलाही सुरुवातीला या पायरीचे मर्म कळायला वेळ लागला. प्रश्न तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल नसतो. तुम्ही स्वतःबद्दल दिलेली माहिती आणि खात्यातली हालचाल यांचा मेळ बसत नाही, एवढेच यंत्रणेला दिसते.

उदाहरण घेऊ. साताऱ्यातली एक शिक्षिका खाते उघडताना वार्षिक उत्पन्न पाच ते दहा लाख असे भरते आणि वर्षभर दरमहा दहा हजार रुपये गुंतवते. मग वडिलांचा भूखंड विकला जातो आणि तिच्या वाट्याचे १४ लाख तिच्या बँकेत येतात. आठवडाभरात त्यातले ११ लाख ती एक्स्चेंजवर पाठवते, नाणी घेते आणि दोन दिवसांत ती स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवायला जाते. यात बेकायदा काहीच नाही. पण कमी उत्पन्नाच्या खात्यात अचानक मोठी रक्कम, लगेच खरेदी आणि लगेच बाहेर, हाच नमुना फसवणुकीचा पैसा फिरवायला भाड्याने दिलेल्या खात्याचाही असतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. फरक दाखवायचा असेल तर तो कागदाने.

तिने पाठवायचे ते असे. विक्रीच्या दस्ताची सूची क्रमांक दोन, जिला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात. बँकेच्या संकेतस्थळावरून उतरवलेले सहा महिन्यांचे पूर्ण विवरण, ज्यात १४ लाख आल्याची आणि ११ लाख गेल्याची अशा दोन्ही नोंदी दिसतील. मागच्या वर्षीचे आयकर विवरणपत्र. वॉलेट तिचेच आहे याचा एक्स्चेंज मागेल तो पुरावा. आणि सोबत चार-पाच ओळी: कोणत्या तारखेला, कोणाकडून, किती, कशासाठी. या ओळींतली प्रत्येक रक्कम जोडलेल्या कागदात सापडली पाहिजे. तपासणारा माणूस नेमके हेच जुळवत बसतो.

‘बचत’ असे एका शब्दात उत्तर देऊ नका. मोबाइलवरचा कापलेला स्क्रीनशॉट पाठवू नका, कारण त्यात आधीचे आणि नंतरचे दिसत नाही. आणि कागदात एक अक्षरही बदलू नका. साधी विचारणा होती तिथे बनावट दस्तऐवजाचा गुन्हा उभा राहतो.

सर्वांत वाईट सल्ला म्हणजे रक्कम तुकड्यांत टाकण्याचा. ‘दहा लाखांच्या खाली ठेव, कोणी विचारत नाही’ असे लोक ठामपणे सांगतात. दहा लाखांची ती मर्यादा रोखीच्या व्यवहारांची आहे. महिन्याभरातले परस्परांशी जोडलेले छोटे रोख व्यवहारही तिथे एकत्र धरले जातात. संशयास्पद व्यवहाराला तर रकमेची मर्यादाच नाही. नुसता प्रयत्न झालेला व्यवहारही कळवता येतो. ११ लाखांचे अकरा तुकडे केले तर लपवण्याचा हेतू तुम्ही स्वतःच नोंदवून ठेवता.

कागद दिल्यावर एक्स्चेंजने तुमच्याबद्दल एफआययूला अहवाल पाठवला का, हे विचारण्यात अर्थ नाही. ती माहिती गोपनीय ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, म्हणूनच ग्राहक सेवेची उत्तरे मोघम वाटतात. आपण दिलेल्या उत्तरांची प्रत मात्र जपून ठेवा.

बँक खाते गोठवले जाणे हा बहुधा वेगळाच प्रकार असतो. तुम्ही अनोळखी माणसाला थेट नाणी विकली, त्याने दिलेला पैसा कोणा फसवल्या गेलेल्याचा निघाला आणि त्या फसवल्या गेलेल्याने सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, की पोलीस पैशाच्या वाटेवरची खाती गोठवत जातात. म्हणून अशा थेट विक्रीत पैसे पाठवणाऱ्याच्या बँक खात्यावरचे नाव आणि एक्स्चेंजवरचे पडताळलेले नाव एकच असेल तरच नाणी सोडा. ‘भावाच्या खात्यातून पाठवतो’ म्हणाला तर व्यवहार रद्द करा. इथे मी कधीच सूट देत नाही.

आणि चार-पाच हजारांसाठी आपले पडताळलेले खाते दुसऱ्याला वापरायला देऊ नका. शिकणारी मुले यात फार अडकतात. पीएमएलएच्या कलम ३ मध्ये जाणूनबुजून मदत करणाराही गुन्हेगार ठरतो आणि कलम ४ खाली तीन ते सात वर्षे सक्तमजुरी आहे. खात्यावर नाव, सेल्फी आणि पॅन त्या मुलाचे असते, त्यामुळे पोलीस आधी त्याच्याच दारात येतात.

खाते बंद केले तरी कागद लगेच पुसले जात नाहीत. ओळखीच्या नोंदी त्यानंतर पाच वर्षे ठेवणे एक्स्चेंजला भाग आहे, तेव्हा जिथे तिथे खाती उघडत सुटू नका.