समलंब चौकोन कापून क्षेत्रफळ काढताना या चुका टाळा

समलंब चौकोन काढ म्हटलं की दहापैकी नऊ जण एकच आकृती काढतात. खाली लांब बाजू, वर बरोबर मध्यावर आखूड बाजू, आणि दोन्हीकडच्या तिरक्या बाजू सारख्या. दिसायला छान, पण कापाकापीच्या कामात हीच आकृती सगळ्यात जास्त फसवते. ती समद्विभुज असते, म्हणून उलटी ठेवा, पालथी करा, फिरवा, ती कुठेही चपखल बसते. हात चुकला तरी तुकडे जुळतात आणि चूक झाली हे कळतच नाही. मग कधीतरी वेडावाकडा समलंब समोर येतो आणि काल जमलेलं आज जमेनासं होतं.

म्हणून आधी कागद बदला. एक सेंटिमीटरच्या चौकटींचा कागद घ्या आणि खाली १० सेमीची बाजू अब काढा. अ पासून १ घर उजवीकडे आणि ४ घरं वर जाऊन ड ठेवा. तिथून आडवे ६ सेमी जाऊन क ठेवा आणि क ला ब शी जोडा. समांतर बाजू १० आणि ६, उंची ४. डावी तिरकी बाजू अड ४.१ सेमीच्या जरा पुढे जाते, उजवी बक मात्र बरोबर ५ सेमी भरते (३, ४, ५ चा काटकोन त्रिकोण तिथे लपलेला आहे). पुढचं सगळं याच आकृतीवर करू.

पालथं करणं आणि फिरवणं

पहिली नेहमीची रीत म्हणजे या आकृतीच्या दोन प्रती कापायच्या आणि एक उलटी करून दुसरीला चिकटवायची, म्हणजे समांतरभुज चौकोन होतो. गोंधळ ‘उलटी करून’ या दोन शब्दांत आहे. बरेच जण पोळी उलटवावी तसा कागद पालथा करतात. आपल्या आकृतीवर तसं करून बघा. पालथ्या प्रतीची ४.१ सेमीची बाजू ५ सेमीच्या बाजूशेजारी येते. खालची टोकं जुळवली की वर २ सेमीची फट राहते. फट दिसली की मुलं म्हणतात, ‘कापताना वाकडं गेलं.’ कापणं बरोबरच असतं, हालचाल चुकलेली असते.

हवा आहे तो अर्धा फेरा. कागदाची वरची बाजू वरच ठेवायची आणि टेबलावरून न उचलता तो १८० अंशांतून फिरवायचा. आता ५ च्या बाजूशेजारी ५ चीच बाजू येते, तिरकसपणाही तोच. पाया १० + ६ = १६, उंची ४, क्षेत्रफळ ६४ चौ. सेमी. हे दोन प्रतींचं झालं, म्हणून एकीचं ३२. खात्रीसाठी सोपी युक्ती म्हणजे कापण्याआधी कागदाच्या एका बाजूला फिकट रेघा मारून ठेवायच्या. जुळणीनंतर एखादा तुकडा कोरा दिसला तर तो पालथा पडलाय.

पालथं करणं प्रत्येक वेळी चूकच, असं मात्र नाही. आपस्तंब शुल्बसूत्र या यज्ञवेदींच्या मापांवरच्या प्राचीन ग्रंथात महावेदी या समलंब आकाराच्या वेदीचं क्षेत्रफळ काढलंय, ते कापाकापीनेच. समांतर बाजू २४ आणि ३०, उंची ३६. एका बाजूचा काटकोन त्रिकोण कापून, उलटवून दुसऱ्या बाजूला लावला की २७ × ३६ चा आयत होतो, म्हणजे ९७२. इथे तुकडा नुसता फिरवून बसत नाही, पालथा करावाच लागतो. आणि हे जमतं ते महावेदी समद्विभुज आहे म्हणूनच, कारण दोन्हीकडचे त्रिकोण ३ रुंदीचे आहेत. आपल्या आकृतीत डावीकडचा त्रिकोण १ सेमी रुंद आणि उजवीकडची खाच ३ सेमीची. तिथे तो तुकडा कसाही धरा, बसणार नाही.

एकाच कागदातून त्रिकोण

मला स्वतःला दोन प्रतींपेक्षा ही रीत आवडते, कारण यात काहीच दुप्पट करावं लागत नाही. बक चा मध्यबिंदू म घ्यायचा आणि ड पासून म पर्यंत सरळ कापायचं. सुटलेला त्रिकोण डमक हा म भोवती अर्धा फेरा फिरवायचा. क येऊन ब वर बसतो, आणि ड चं टोक अब च्या रेषेवर पुढे जातं. त्याला प म्हणू. बप ही खरं तर जुनी डक, म्हणजे ६ सेमी. उरतो एक मोठा त्रिकोण अडप, पाया १६, उंची ४. क्षेत्रफळ निम्मे गुणिले १६ गुणिले ४, म्हणजे ३२.

यात बिघडतं ते बहुधा म पाशी. समजा अंदाजाने खूण केली आणि ती क पासून २.७ व ब पासून २.३ सेमीवर पडली. फिरवल्यावर क चं टोक ब च्या पुढे ४ मिमी खाली उतरतं. मुलं मग तुकडा हळूच वर सरकवतात आणि ‘बसला’ म्हणतात. पण मग सांध्याच्या दुसऱ्या टोकाला, म पाशी, ४ मिमीची पायरी उरते. पायाकडे बघून फसू नका, कापलेल्या रेषेवर बोट फिरवा, पायरी लगेच लागते. पट्टीने मोजण्यापेक्षा ब चं टोक क वर आणून बाजूला चिमटीत बारीकशी घडी घाला, मध्य आपोआप मिळतो. फिरवताना म वर टाचणी टोचली की तुकडा सरकत नाही.

याच जातीची एक चूक मधोमध आडवं कापण्याच्या रीतीत होते. तिथे दोन्ही तिरक्या बाजूंचे मध्यबिंदू जोडायचे असतात. बक ५ सेमी, तिचा मध्य २.५ वर, हे बरोबर. पण तेच २.५ पायापासून अड वरही मोजलं की घोटाळा, कारण ती ४.१ ची आहे. मग काप उजवीकडे २ सेमी उंचीवर आणि डावीकडे जवळपास २.४ वर जातो. वरचा तुकडा फिरवून खालच्याला जोडला की समांतरभुज चौकोनाऐवजी वरची कड एकीकडे कललेली आकृती मिळते. प्रत्येक बाजूचा मध्य तिच्या तिच्या लांबीवरून घ्यायचा.

‘सरळ दिसतंय’ हे पुरावा नाही

त्रिकोण अडप खरंच त्रिकोण आहे का? ब पाशी पाया किंचित मोडलेला असला तर तो चौकोन होईल आणि आपलं सूत्र कोसळेल. डोळ्याला तर सरळ दिसतं.

डोळ्यावर किती विश्वास ठेवायचा, ते एका जुन्या कोड्यात कळतं. ८ × ८ चा चौरस घ्या. त्याची ३ सेमीची पट्टी कापून कर्णावर दुभागली की दोन त्रिकोण मिळतात. उरलेल्या ५ × ८ च्या पट्टीतून दोन समलंब कापा, समांतर बाजू ३ आणि ५, उंची ५. हे चार तुकडे नव्याने मांडले की ५ × १३ चा आयत दिसतो. चौरस ६४ चा, आयत ६५ चा! एक चौरस सेंटिमीटर आला कुठून? कुठूनच नाही. त्रिकोणाची तिरकी कड ८ ला ३ चढते, समलंबाची ५ ला २, म्हणजे ०.३७५ आणि ०.४. सांधा सरळ नाही, मध्ये लांबलचक बारीक फट आहे, आणि तिचं क्षेत्रफळ बरोबर १ आहे. कात्रीच्या कामात ती पेन्सिलीच्या रेघेत बुडून जाते.

मग आपला पाया सरळ आहे हे कशावरून? डक आणि अब समांतर आहेत, बक ही त्यांची छेदिका. म्हणून क पाशी आणि ब पाशी असलेले आंतरकोन मिळून १८० अंश होतात. तुकडा फिरल्यावर क चा कोन ब च्या कोनाला लागून येतो, दोघे मिळून सरळ कोन करतात, म्हणून अ, ब, प एका रेषेत. म पाशीही तसंच. अर्ध्या फेऱ्याने मड हा किरण बरोबर विरुद्ध दिशेला जातो, म्हणून ड, म, प एका रेषेत. ‘समांतर’ हा शब्द सूत्रात खरा कामाला येतो तो इथे. समांतर नसलेल्या बाजूंचा चौकोन घेऊन हेच करा, पाया ब पाशी मोडेल.

उंची आणि तो अर्धा

दोन प्रतींच्या समांतरभुज चौकोनाची कड ५ सेमीची आहे आणि हाताला तीच लागते. म्हणून १६ × ५ = ८०, निम्मे ४०, असं उत्तर येतं. कागदावरची घरं मोजलीत तर अर्धीमुर्धी धरून ३२ च्या आसपासच येतील, ४० कधीच नाही. उंची पट्टीने तिरकी मोजायची नसते, गुण्या लावून दोन समांतर बाजूंमधलं अंतर घ्यायचं.

दुसरा घोळ अर्ध्याचा. दोन प्रतींत तो येतो दोन प्रती आहेत म्हणून. त्रिकोणाच्या रीतीत तो त्रिकोणाचाच असतो. मधोमध कापल्यावर पाया १६ आणि उंची २ होते, तिथे अर्धा उंचीतच जिरलेला असतो. हे वेगळं न ठेवता शेवटी सवयीने आणखी एकदा दोनने भागलं की १६ येतात.

कललेला समलंब

आयत आणि दोन बाजूंचे त्रिकोण असे तुकडे करणारी रीत बहुतेकांना पाठ असते. आता अब १० च ठेवा, पण ड हा अ पासून ९ घरं उजवीकडे घ्या आणि क १५ व्या घरावर. क मधून टाकलेला लंब पायाच्या बाहेर पडतो. डावा त्रिकोण १८, मधला आयत २४, उजवा त्रिकोण १०. पाठ केल्याप्रमाणे बेरीज केली तर ५२. पण उजवा त्रिकोण आकृतीच्या बाहेर आहे, तो आयतात उगाच मोजला गेलाय, म्हणून वजा करायचा. १८ + २४ − १० = ३२. ड पासून म पर्यंतचा काप मात्र इथेही आकृतीच्या आतच राहतो, आणि फिरवलेला तुकडा पुन्हा १६ पायाचा, ४ उंचीचा त्रिकोण देतो.