यादी होती, पण निरोप पोचत नव्हता

दिवाळीसाठी मोगऱ्याच्या वासाची, सोया मेणाची ग्लासातली मेणबत्ती काढायची होती. सोया मेणात वास मुरायला साधारण 2 आठवडे लागतात, म्हणून किती ओतायच्या ते आधीच कळायला हवं. बचत गटात आणि आठवडी बाजारात नमुना हुंगायला दिला, 40 नावं लिहून घेतली अन् व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट केली. उत्तरं मात्र अगदीच थोडी आली.

मेसेज इन्फो उघडलं, तर बऱ्याच नावांपुढे निरोप पोचल्याची खूणच नव्हती. ज्यांच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह नसतो, त्यांना ब्रॉडकास्ट मिळत नाही. त्यांना एकेकीला वेगळं लिहिलं, "काकू, मोगऱ्याच्या मेणबत्तीसाठी नाव दिलं होतं न? माझा नंबर सेव्ह करा अन् किती ठेवू ते सांगा." आता नाव लिहितानाच नंबर सेव्ह करून घेते.

मग नगामागे 50 रुपये आगाऊ मागितले. माझ्या मते खरी यादी इथूनच सुरू होते. 26 नगांचे पैसे आले, मी 30 ओतल्या, कारण एखाद्या ग्लासात मेण काचेपासून सुटतं. जास्तीच्या ठेवून चालत नाही, आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली त्या पाघळतात. यादीतल्यांना 2 दिवस आधी दिल्या, उरलेल्या बाजारात नेल्या.