तिसऱ्या प्रकरणात का नाही केलं? फँटसीतल्या जादूच्या या चुका टाळा

फँटसी कादंबरीचा पहिला खर्डा मित्रांना वाचायला दिला की एक प्रश्न हमखास येतो: "हे जर तिला येत होतं, तर तिसऱ्या प्रकरणातच का नाही केलं?" हा प्रश्न आला की बहुतेक लेखक शेवटची लढाई पुन्हा लिहायला घेतात. वर्णन वाढवतात, वीज पाडतात, रक्त सांडतात. बिघाड मात्र लढाईत नसतो. वाचकाला जादूबद्दल काय माहीत होतं आणि तिच्याकडून कोणतं काम करून घेतलं, या दोन्हींचा मेळ बसलेला नसतो.

अमेरिकन लेखक ब्रँडन सँडरसन यांनी २००७ मध्ये एका लेखात याचा नियम मांडला. त्याचा आशय असा, की वाचकाला जादू जितकी समजलेली असेल, तितकीच ती संकट सोडवायला वापरता येते. ठरलेल्या नियमांवर चालणारी ती हार्ड मॅजिक, आणि जिचे नियम वाचकापुढे कधीच उघड होत नाहीत ती सॉफ्ट मॅजिक. हे दोन वेगळे कप्पे नाहीत. एकाच कथेत दोन्ही नांदतात, आणि त्याचा फार चांगला नमुना आपल्या ओळखीचा आहे.

महाभारतातलं चौदाव्या दिवसाचं रात्रीचं युद्ध आठवा. घटोत्कचाची माया ही सॉफ्ट मॅजिक आहे. ती रात्री वाढते एवढं आपल्याला कळतं, पण तो नेमकं काय काय करू शकतो याची यादी कुणी देत नाही. म्हणूनच कौरवसेनेची घाबरगुंडी आपल्याला पटते. याउलट कर्णाजवळची वासवी शक्ती ही चोख हार्ड मॅजिक. कवचकुंडलांच्या बदल्यात इंद्राकडून मिळालेली, अमोघ, पण एकदाच चालणारी. एका शत्रूला मारून ती इंद्राकडे परत जाणार. कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवली आहे, हे आपल्याला आधीपासून माहीत असतं.

मग त्या रात्री कौरव कर्णाला ओरडून सांगतात, सोड ती शक्ती. कर्ण सोडतो, घटोत्कच मरतो, संकट टळतं. आणि नेमकं त्याच क्षणी आपल्याला कळतं की कर्णाच्या हातून अर्जुन सुटला. पांडव शोक करत असताना कृष्ण आनंदाने नाचतो, तो याचमुळे. एका अस्त्राने आजचा प्रश्न सुटला आणि पुढचा ताण दुप्पट झाला. 'एकदाच' हा नियम वाचकाला आधी ठाऊक नसता, तर कृष्णाचं नाचणं नुसतं विचित्र वाटलं असतं.

इथे कामाची वाटणी पाहा. न कळणारी जादू संकट आणते, कळलेली जादू ते सोडवते आणि त्याची किंमत वसूल करते. पहिल्या खर्ड्यांमध्ये बहुधा ही वाटणी उलटी झालेली असते.

समजा, तुमची नायिका रेवा दिवा लावून मेलेल्यांना बोलावते. कसं, किती, कशाच्या बदल्यात, हे कुठेच आलेलं नाही. शेवटी शत्रूची फौज खिंडीत शिरते, रेवा दिवा लावते, शेकडो मृत उठतात आणि फौज पळते. दृश्य देखणं आहे, पण वाचक कोरडा राहतो. मृत लढू शकतात हे त्याला आत्ताच कळलं, त्यामुळे त्याला भीतीही वाटली नाही आणि आशाही. अशा जागी खर्ड्यात 'अचानक', 'तिच्या आतून', 'आजवर कधीही न अनुभवलेली' हे शब्द दाटीने सापडतात. ते शोधा. बिघाड तिथेच असतो.

दुरुस्तीचे दोन रस्ते आहेत. पहिला हार्ड मॅजिकचा. एका दिव्याला एकच मृत येईल, दिवा विझेपर्यंतच थांबेल आणि जाताना त्या माणसाची रेवाजवळची एक आठवण घेऊन जाईल, असं ठरवा. मग हे नियम तक्रार न करता पाळा. दुसऱ्या प्रकरणात ती क्षुल्लक कामासाठी आजोबांना बोलावते आणि त्यांचा आवाज विसरते. मध्यावर गरज असूनही ती आईला बोलावत नाही. आता खिंडीत फक्त आईलाच चोरवाट माहीत आहे, आणि रेवाजवळ आईची एकच आठवण उरली आहे. फौज तीच, खिंडही तीच, पण दिवा पेटण्याआधीच वाचकाचा श्वास अडकतो.

दुसरा रस्ता सॉफ्ट मॅजिकचा. नियम सांगूच नका, पण मग मृतांकडून लढाई जिंकून घेऊ नका. ते उठतील, पण रेवाने मागितलं ते करणार नाहीत. किंवा पहाटे परत जायला नकार देतील. फौजेचा बंदोबस्त गावकऱ्यांनाच करावा लागेल. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये टॉल्कीन हे सतत करतात. मोरिया या भुयारी नगरीच्या दारापुढे जादूगार गँडाल्फचे मंत्र फुकट जातात आणि दार उघडतं ते कोड्याचं साधं उत्तर सापडल्यावर. पुढे त्याच मोरियात तो बॅलरॉग या आगीच्या राक्षसाला अडवतो, पण स्वतः दरीत कोसळतो आणि बाकीचे वाटाड्याविना उरतात. जादूगार सोबत असूनही आपल्याला सुरक्षित वाटत नाही, ते यामुळे. गरुड फ्रोडोला उचलायला येतात, पण अंगठी नष्ट झाल्यानंतर. मुख्य पेच तोवर सुटलेला असतो.

नियम बनवणाऱ्यांची चूक वेगळी असते. ते पहिल्या चाळीस पानांत सात घराणी, बारा मूलद्रव्यं आणि त्यांचा तक्ता देतात, पण त्यातली एकही मर्यादा पुढे कुणाला आडवी येत नाही. सँडरसन यांच्याच २००६ च्या 'मिस्टबॉर्न'मध्ये माणसं धातू गिळून शक्ती मिळवतात. त्यातल्या एका धातूने दूरच्या धातूच्या वस्तूला ढकलता येतं. वस्तू हलकी असेल तर ती उडते, आणि जड किंवा घट्ट रोवलेली असेल तर ढकलणाराच मागे फेकला जातो. शिवाय पोटातला साठा संपला की शक्तीही संपली. नाण्यावर जोर देऊन छपरावरून छपरावर जाणं आणि चुकीच्या वस्तूला ढकलून स्वतःच आपटणं, दोन्ही त्या एका नियमातून निघतात. तुमच्या तक्त्यातल्या ज्या नियमामुळे कुणाचीच योजना फसत नाही, तो खुशाल काढा. माझ्या मते तीन नियम पुरतात, चौथा बहुधा लेखकाच्या हौसेचा असतो.

याचीच धाकटी बहीण म्हणजे 'नायक खास आहे म्हणून त्याला नियम लागू नाही' ही पळवाट. इतका वेळ वाचकाने जो हिशेब मनात ठेवला, तो त्या एका वाक्याने रद्द होतो. नियम मोडायचाच असेल तर तो खलनायकाच्या बाजूने मोडा. त्याने निदान संकट तरी वाढतं.

खर्डा तपासताना जादू येणारं प्रत्येक दृश्य घ्या आणि समासात 'गुंता' किंवा 'सुटका' एवढंच लिहा. जिथे 'सुटका' लिहिलं, तिथे हा नियम वाचकाला आधी कोणत्या पानावर दिसला तो आकडा टाका. नुसतं कुणी बोलून दाखवलेलं धरू नका, तो नियम कुणाला तरी नडलेला असला पाहिजे. आकडा सापडला नाही तर मागे जाऊन तसा प्रसंग घाला, नाहीतर ती सुटका माणसांच्या हाती द्या. आणि सगळ्या दृश्यांपुढे 'सुटका'च दिसत असेल, तर शेवट दुरुस्त करत बसू नका. मधल्या एखाद्या प्रसंगात जादूला उलटू द्या आणि मगच शेवटाकडे वळा.