‘माझ्या स्टाइलमध्ये लिहा’, पण नमुना कुठाय?

शब्दांकनाच्या कामात नवीन असाल तर असा मेसेज येणार हे धरून चाला: “परवा कार्यक्रम आहे. पाच मिनिटांचं भाषण पाहिजे. माझ्या स्टाइलमध्ये लिहा.” सोबत निमंत्रणपत्रिकेचा फोटो असतो. त्यांनी स्वतः लिहिलेली एक ओळ मात्र नसते.

मला असा पहिला मेसेज आला तो कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या मालकांचा. त्यांच्याकडचे साचे बनवणारे जुने मोल्डर, मामा, निवृत्त होत होते. मालकांशी मी दोनदाच बोललो होतो, तेही पैशांबद्दल. तरी बसलो आणि लिहिलं, “आजचा क्षण माझ्यासाठी हर्ष आणि विषाद यांचा संगम आहे.” दुसऱ्या दिवशी फोन आला. “सर, लई भारी झालंय. पण मी हे वाचलं तर पोरं हसतील ओ.”

ती शैली माझीच होती, तीही शाळेच्या निरोप समारंभातली. नमुना नसला की हात आपोआप अशा तयार वाक्यांकडे जातो. म्हणून आता मी आधी सरळ सांगतो, “तुमचं लिहिलेलं माझ्याकडे काही नाही. व्हॉइस मेसेज असतील तर पाठवा, नाहीतर वीस मिनिटं बोला. मी रेकॉर्ड करतो.” याचा राग आलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

बोलायला बसल्यावर “तुमची शैली कशी आहे?” असं विचारू नका, त्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. प्रसंग विचारा. मी विचारलं, “मामा कामावर आले तेव्हा फाउंड्री कशी होती?” मालक म्हणाले, “आता बघा, तेव्हा भट्टी एकच. मामा साच्याची वाळू हातात घ्यायचे, मुठीत दाबायचे, आणि म्हणायचे, हिच्यात पाणी जास्त झालंय. लॅबचा रिपोर्ट मागनं यायचा. तेच निघायचं.”

घरी येऊन ते जसंच्या तसं उतरवून काढलं. ‘अनुभवी’, ‘निष्ठावान’ असं एकही विशेषण त्यात नव्हतं. हा माणूस कौतुक करतच नाही, काय घडलं तेवढं सांगतो आणि थांबतो. स्वतःला ‘मी’ क्वचित, बहुतेक वेळा ‘आम्ही’ म्हणतो. ‘निवृत्ती’ म्हणत नाही, ‘मामा सुटणार’ म्हणतो. शैली शोधायची ती इथे: माणूस सुरुवात कशाने करतो, कुठे थांबतो, स्वतःला आणि समोरच्याला काय म्हणतो, आणि कोणता शब्द टाळतो.

इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलो. ‘आता बघा’ हे त्यांचं पालुपद रेकॉर्डिंगमध्ये सतत येत होतं, म्हणून मी ते भाषणात चार ठिकाणी घातलं. मोठ्याने वाचल्यावर मालक राहिले बाजूला, गॅदरिंगमधली त्यांची नक्कल ऐकू येऊ लागली. एकच ठेवलं. बोलीचंही तसंच. ‘केले, गेले’ऐवजी ‘केलं, गेलं’ ठेवायचं, कारण ते तोंडाने म्हणायचं आहे. ‘आमच्याकडं’ही ठेवलं. पण प्रत्येक शब्द उच्चाराबरहुकूम लिहायला गेलो असतो तर कागद बघून वाचताना तेच अडखळले असते. त्यांचा हेल त्यांच्या तोंडात आहेच, तो कागदावर लिहायची गरज नसते.

बोलायला वेळच नसेल, भाषण आज रात्रीच हवं असेल, तर शैलीचा नाद सोडा. छोटी, साधी वाक्यं लिहा. म्हणी, शेर, विनोद नकोत. आठवणी तर मनाने अजिबात रचू नका, कारण समोर त्या माणसाला तीस वर्षं ओळखणारे बसलेले असतात. आठवणीच्या जागी कंस करून लिहा: ‘इथे मामांचा एक प्रसंग, तीन-चार वाक्यांत, तुमच्या शब्दांत’. आणि सोबत कळवा की हा साधा मसुदा आहे, तुमच्या शैलीतला नाही. तसं न सांगता पाठवलात तर ‘यात मी कुठाय?’ हा फोन येणारच.

मसुदा पाठवताना मी एक विनंती करतो: स्वतः मोठ्याने वाचा, आणि जीभ अडखळेल तिथे पेनाने काट मारा, दुरुस्त करून देऊ नका. जीभ अडखळली की तो शब्द त्यांचा नाही एवढं कळतं. ‘छान आहे’ या उत्तरातून काहीच कळत नाही. काटाकूट केलेला कागद मात्र जपून ठेवा, पुढच्या वेळी तोच तुमचा नमुना.

मालकांचा कागद माझ्या फाइलमध्ये अजून आहे. ‘आदरणीय’वर काट आहे, ‘ऋणी’वर दोन काटा. मी शेवट केला होता ‘मामांना पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा’ असा. तीही ओळ खोडून खाली निळ्या पेनाने त्यांनी लिहिलंय, “मामा, सोमवारी चक्कर मारा. वाळू बघून जावा.”