सुसम पंचकोन काढताना या चुका टाळा

बाजू दिली असताना पंचकोन काढायची एक पद्धत सगळीकडे शिकवली जाते. बाजूच्या लंबदुभाजकावर त्याच बाजूच्या चौरसाचे केंद्र हा बिंदू 4, षटकोनाचे केंद्र हा बिंदू 6, आणि त्यांचा मध्यबिंदू म्हणजे 5. त्या 5 वरून बाजूच्या टोकांतून जाणारे वर्तुळ काढा आणि बाजूएवढे अंतर कंपासने पाच वेळा फिरवा. ही पद्धत अंदाजाची आहे. ती अचूक समजून वापरणे ही मला सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक आहे, आणि मी स्वतः तिच्यापायी एक आठवडा घालवला आहे.

मला बारा पंचकोनांची पुठ्ठ्याची घनाकृती करायची होती, बाजू 60 मिमी. या पद्धतीने एक नमुना काढला आणि त्यावरून बारा तुकडे कापले. दहाव्या तुकड्यापर्यंत कडांमध्ये फटी पडायला लागल्या. आधी पुठ्ठ्याच्या जाडीला दोष दिला, मग कटरला, आणि सगळे तुकडे पुन्हा कापले. शेवटी नमुन्याच्या बाजू मोजल्या: चार बाजू 60, पाचवी 58.5. कारण साधे होते. खरी त्रिज्या 51.04 मिमी हवी, या पद्धतीने 50.79 येते. पाव मिलिमीटरचा फरक कागदावर दिसत नाही, पण प्रत्येक बाजू केंद्राशी 72 अंशांऐवजी सुमारे 72.4 अंश घेते. चार बाजूंनी जास्त घेतलेले सगळे पाचवीतून जाते.

अचूक रचनेला याहून जास्त कष्ट नाहीत, म्हणून हा शॉर्टकट मला पटत नाही. AB ही 60 ची बाजू काढा आणि B च्या पुढे वाढवा. B वर 60 चा लंब उभा करा, त्याचे टोक C. AB चा मध्य M. M वर कंपास ठेवून C पर्यंत उघडा आणि कंस वाढवलेल्या रेषेवर आणा, तो छेदबिंदू N. आता AN हा पंचकोनाचा कर्ण झाला, कारण MC म्हणजे 60 × √5/2 आणि AM म्हणजे 30. बेरीज 97.08. A आणि B वरून कर्णाएवढे कंस काढले की वरचा शिरोबिंदू D मिळतो. उजवा शिरोबिंदू A वरून कर्णाचा कंस आणि B वरून बाजूचा कंस जिथे छेदतात तिथे. डावा तसाच, उलट बाजूने.

घाई करणारे इथे बाजू मोजून थांबतात. पाचही बाजू सारख्या असूनही पंचकोन वाकडा असू शकतो. मी पाच कर्ण मोजतो. D वरून डावीकडे आणि उजवीकडे बाजू 60 भरते का, हेही पाहतो, कारण ती आपण काढलेली नसते, आपोआप जुळायला हवी.

ड्रॉइंग प्रोग्रामसाठी कागदावरून मापे घेऊ नका. रचनेतच निर्देशक तयार आहेत. AB चा मध्य (0, 0) धरला, बाजू s, आणि φ = (1+√5)/2, तर:

```
A, B : (∓s/2, 0)
बाजूचे : (±φ·s/2, s·√(10+2√5)/4)
D : (0, s·√(5+2√5)/2)
```

60 साठी बाजूचे बिंदू (±48.541, 57.063) आणि D (0, 92.331). वर्गमूळ शेवटपर्यंत तसेच ठेवा, गोल करायचे ते एकदाच, लिहिताना. ग्रिडला चिकटण्याची सोय बंद करा: सुसम पंचकोनाचे पाचही शिरोबिंदू चौकोनी ग्रिडच्या छेदांवर कधीच बसत नाहीत.

बहुतेक प्रोग्राममध्ये y खाली वाढतो. तो उलटवायला विसरलात तर टोक खाली येते. SVG मध्ये मी AB चा मध्य x = 50 वर आणि पायाची रेषा y = 100 वर ठेवून उंची वजा करतो:

```
<polygon points="20,100 80,100
 98.541,42.937 50,7.669 1.459,42.937"/>
```

कोन वापरून कोडमध्ये काढत असाल तर बहुतेक भाषांमध्ये साइनला रेडियन लागतात, अंश देऊ नका.

शेवटची चूक आकृती फिरवताना होते. ड्रॉइंग प्रोग्राम सहसा आकृतीभोवतीच्या चौकटीचा मध्य धरून फिरवतो, आणि आपल्या पंचकोनाची चौकट 97.08 रुंद, 92.33 उंच आहे. तिचा मध्य पायापासून 46.17 वर येतो, पंचकोनाचे केंद्र मात्र 41.29 वर. 72 अंश फिरवलेली प्रत मूळ आकृतीवर बसली नाही, तर आधी हे तपासा आणि फिरवण्याचा बिंदू हाताने द्या: AB चा मध्य (0, 0) धरला असेल तर (0, 41.291), वरच्या SVG मध्ये (50, 58.709). आकृती चौरसात ताणून बसवली असेल तर मात्र ती सुसम उरत नाही, निर्देशकांपासून नव्याने काढावी लागते.