सी-व्ही वक्रावरून ऑक्साइडची जाडी काढताय? या चुका टाळा

पी-टाइप सिलिकॉनवर ऑक्साइड वाढवला, वर अ‍ॅल्युमिनियमचे 1 मिलिमीटर व्यासाचे ठिपके बसवले आणि 1 मेगाहर्ट्झला वक्र काढला. उणे 10 व्होल्टकडे रेघ छान सपाट झाली, 226 पिकोफॅरडवर. सूत्रात घातलं, जाडी आली 120 नॅनोमीटर. आता हाच वेफर ट्यूबलाइटखाली, समोरून सरळ पाहा. 120 नॅनोमीटरचा ऑक्साइड गडद निळा दिसतो आणि 100 चा जांभळा. आमच्या हातातला वेफर जांभळा होता. म्हणजे मोजमापात कुठेतरी पाणी मुरत होतं.

जाडीचं सूत्र सोपं आहे:

```
tox = 3.9 × 8.854e-14 × A / Cox
```

क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये आणि कपॅसिटन्स फॅरडमध्ये घातला की जाडी सेंटिमीटरमध्ये मिळते. गफलत होते ती Cox म्हणून कोणता आकडा घ्यायचा यात. पी-टाइपमध्ये गेट ऋण केलं की होल्स पृष्ठभागाशी गोळा होतात, म्हणजे अ‍ॅक्युम्युलेशन. तिथे सिलिकॉनचा वाटा जवळजवळ संपतो आणि फक्त ऑक्साइडचा कपॅसिटन्स उरतो. एन-टाइप वेफर असेल तर हीच बाजू धन व्होल्टेजला येते. वेफरचा टाइप न पाहता वक्राची उजवी बाजू वाचणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो.

पण बाजू बरोबर असली, रेघ सपाट असली, तरी तो आकडा Cox असेलच असं नाही. आमच्या नमुन्यात नेमकं हेच झालं होतं. वेफरच्या मागच्या बाजूला भट्टीत वाढलेला ऑक्साइड नीट निघालाच नव्हता आणि वेफर तसाच चकवर ठेवला होता. त्यामुळे कपॅसिटरसोबत सुमारे 260 ओहमचा रोध सिरीजमध्ये बसला. मीटर पॅरलल मोडमध्ये असेल तर तो असा कपॅसिटन्स दाखवतो:

```
Cm = C / (1 + (2πfRC)²)
```

खरा कपॅसिटन्स 271 पिकोफॅरड धरा. 1 मेगाहर्ट्झला कंसातली राशी 0.44 येते, वर्ग 0.196, म्हणून मीटरवर 226 च्या आसपास दिसतं. अ‍ॅक्युम्युलेशनमध्ये कपॅसिटन्सही स्थिर आणि रोधही स्थिर, त्यामुळे चुकीची रेघसुद्धा तितकीच सपाट दिसते. म्हणूनच ही चूक नजरेतून सुटते.

ओळखायची युक्ती एका मिनिटाची आहे. बायस तसाच ठेवा आणि फ्रिक्वेन्सी 100 किलोहर्ट्झ करा. आमचा आकडा लगेच 270 वर गेला. अ‍ॅक्युम्युलेशनमधला कपॅसिटन्स फ्रिक्वेन्सी बदलल्यावर एवढा बदलत असेल तर रोधावर संशय घ्या. पुढची बाजू फोटोरेझिस्टने झाकून आम्ही मागचा ऑक्साइड बफर्ड एचएफने काढला आणि सिल्व्हर पेस्ट लावली. मग 1 मेगाहर्ट्झलाही 269 आले आणि जाडी 100 नॅनोमीटरवर स्थिरावली. रंगाशी जुळली!

दुसरी चूक क्षेत्रफळाची. मास्कच्या भोकाचा व्यास 1 मिलिमीटर असला तरी मास्क वेफरला चिकटून बसला नसेल तर धातू कडेने पसरतो. ठिपका प्रत्यक्षात 1.1 मिलिमीटरचा झाला तर क्षेत्रफळ 21 टक्के वाढतं, आणि तुम्ही 1 च धरलात तर 100 ची जाडी 83 दिसते. व्यास सूक्ष्मदर्शकाखाली मोजा, दोन दिशांनी मोजा. मास्कवरच्या आकड्यावर विसंबू नका.

वक्राच्या दुसऱ्या टोकाकडे जाडीसाठी बघायचं नसतं, पण मोजणी नीट झाली का हे तिथे कळतं. डिप्लिशनमध्ये सिलिकॉनमधला रिकामा थर रुंदावत जातो आणि कपॅसिटन्स घसरतो. इन्व्हर्जन आलं की थर रुंदावायचा थांबतो. इथे इलेक्ट्रॉन फार हळू तयार होतात, 1 मेगाहर्ट्झच्या सिग्नलमागे त्यांना धावता येत नाही. म्हणून कपॅसिटन्स परत वर चढत नाही, तळाशीच राहतो. तो वर न चढणं हा बिघाड नव्हे. डोपिंग घन सेंटिमीटरला 1e15 असेल तर आमच्या ठिपक्यासाठी तळ सुमारे 69 पिकोफॅरड यायला हवा.

रेघ तळाला टेकायच्या ऐवजी घसरतच राहिली, तर व्होल्टेज फार वेगाने बदलतंय. इलेक्ट्रॉन जमायला वेळ मिळत नाही आणि रिकामा थर मर्यादेपलीकडे रुंदावतो, म्हणजे डीप डिप्लिशन. अशा वेळी धन 5 व्होल्टवर थांबा, दिवा क्षणभर लावून इलेक्ट्रॉन तयार होऊ द्या, दिवा बंद करून आकडा स्थिर होईपर्यंत वाट पाहा आणि मग उणे व्होल्टेजकडे सावकाश या. प्रोब स्टेशनचं झाकण मात्र पूर्ण लावा. फटीतून आलेला उजेडसुद्धा हा तळ वर उचलतो.